नडगी मागे सरकते तेव्हा

पावसाची पहिली सर पडून गेली की रस्त्यावर तेल आणि धूळ मिसळून जो निसरडा थर तयार होतो, त्यावर दुचाकी घसरायला काही लागत नाही. समजा, पस्तिशीतले एक गृहस्थ असेच पडले. स्कूटर बाजूला गेली आणि ते वाकलेल्या गुडघ्यावर आपटले. पाऊल मागच्या बाजूला ताणलेले होते, त्यामुळे सगळा मार वाटीवर न बसता वाटीच्या खाली, नडगीच्या वरच्या टोकाला जो उंचवटा हाताला लागतो, त्यावर बसला. पाऊल वर वळलेले असते, तर वाटी जमिनीवर आदळली असती आणि दुखापत वेगळीच झाली असती. पावलाच्या एवढ्याशा फरकावर कधीकधी गुडघ्यातले काय तुटणार हे ठरते.

नडगी अशी समोरून मागे ढकलली गेली की तिला अडवण्याचे काम मुख्यतः एकाच दोरीकडे असते, ती म्हणजे पोस्टेरिअर क्रुशिएट लिगामेंट, अर्थात पीसीएल. मांडीच्या हाडाच्या आतल्या बाजूच्या गोलव्यापासून निघून ती नडगीच्या मागच्या भागावर, सांध्याच्या रेषेच्या थोडी खाली जाऊन बसते. गुडघा वाकलेला असताना तिचा जाड भाग ताणलेला असतो, म्हणून वाकलेल्या गुडघ्यावरचा मार तिला भोवतो. मोटारीत पुढच्या सीटवर बसलेल्याचा गुडघा डॅशबोर्डवर आदळतो, तेव्हाही हेच घडते. खेळात गुडघा गरजेपेक्षा जास्त वाकून किंवा उलटा ताणला जाऊनही ही दोरी जाते, पण आपल्याकडे दुचाकीचा वाटा मोठा.

आमचे गृहस्थ उठले, लंगडत घरी गेले. पुढच्या क्रॉसवरच्या लिगामेंटच्या, म्हणजे एसीएलच्या, दुखापतीत पुष्कळांना 'कट्' असा आवाज येतो आणि गुडघा काही तासांत टम्म फुगतो. पीसीएलमध्ये असा नाट्यमय प्रसंग फारदा नसतो. सूज बेताची, गुडघ्याच्या मागे दुखणे, जिना उतरताना त्रास, आणि 'गुडघ्यात काहीतरी बरोबर नाही' ही तक्रार. म्हणूनच महिना-दोन महिने 'मुरगळलंय' म्हणून तेल चोळत काढणारे बरेच असतात.

पहिल्याच तपासणीत या दुखापतीत एक सापळा असतो. पेशंट उताणा झोपलेला, गुडघा काटकोनात वाकवलेला, पाऊल पलंगावर टेकलेले. डॉक्टर नडगी पुढे ओढून पाहतात आणि ती चांगली पुढे येते. निष्कर्ष निघतो, एसीएल तुटली. प्रत्यक्षात पीसीएल गेल्यामुळे नडगी आधीच आपल्या वजनाने मागे घसरलेली असते. ओढल्यावर ती केवळ मूळ जागी येते, त्यापुढे नाही. सुरुवात चुकीच्या जागेवरून झाली, की मोजमापही चुकते. शहाणा डॉक्टर म्हणूनच हात लावण्याआधी दोन्ही गुडघे शेजारी शेजारी वाकवून बाजूने पाहतो. दुखावलेल्या बाजूला वाटीखालचा भाग आत दबलेला दिसतो.

मग येते खरी चाचणी, पोस्टेरिअर ड्रॉवर. डॉक्टर पेशंटच्या पावलावर हलकेच बसतात, म्हणजे पाऊल सरकत नाही. दोन्ही अंगठे सांध्याच्या रेषेवर ठेवतात. निरोगी गुडघ्यात नडगीची कड मांडीच्या हाडाच्या गोलव्यापेक्षा साधारण एक सेंटिमीटर पुढे असते आणि ती पायरी अंगठ्याला स्पष्ट लागते. मांडीमागचे स्नायू सैल आहेत, याची बोटांनी खात्री करून नडगी मागे ढकलायची आणि पायरी किती उरते ते पाहायचे. पायरी कमी झाली, पण उरली, तर सरकणे साधारण 5 मिलिमीटरच्या आत. ही पहिली श्रेणी. नडगी आणि गोलवा एका पातळीला आले, तर 5 ते 10 मिलिमीटर, दुसरी श्रेणी. नडगी गोलव्याच्याही मागे गेली, तर 10 पेक्षा जास्त, तिसरी. तुलना नेहमी दुसऱ्या पायाशी करायची, कारण काहींचे सगळेच सांधे सैल असतात. ताज्या दुखापतीत पेशंट दुखण्यापोटी स्नायू आवळून धरतो आणि चाचणी खोटी चांगली येते. आठ-दहा दिवसांनी पुन्हा करण्यात शहाणपण असते.

आमच्या गृहस्थांची पायरी सपाट निघाली, म्हणजे दुसरी श्रेणी. शेवटी थोडा अडसरही जाणवला. आता प्रश्न, एकटीच पीसीएल गेली आहे, की सोबत आणखी काही? तिसरी श्रेणी निघाली, की गुडघ्याच्या मागच्या-बाहेरच्या कोपऱ्यातल्या लिगामेंटवर संशय घ्यावाच लागतो. त्यासाठी पेशंटला पोटावर झोपवून गुडघा 30 आणि 90 अंशांत वाकवून पावले बाहेर फिरवून पाहतात. दुखावलेला पाय दुसऱ्यापेक्षा 10 अंशांहून जास्त फिरला, तर तो कोपराही सैल झाला आहे. यांच्या बाबतीत दोन्ही बाजू सारख्याच फिरल्या.

दुसरी अट एक्स-रेमधून कळते. दोरी मधून न तुटता नडगीच्या हाडाचा तुकडाच उपटून निघालेला असू शकतो, आणि दुचाकीच्या अपघातात असे बरेच होते. तुकडा जागेवरून हलला असेल, तर तो स्क्रूने लवकर बसवायचा. त्याला 'बघू' चालत नाही. इथे तुकडा नव्हता, एमआरआयमध्येही दोरीच्या मध्याला इजा दिसली, बाकी ठीक. ऑपरेशन टाळण्याचा निर्णय इथे पक्का झाला.

यामागे एक शारीरिक कारण आहे. पीसीएलभोवती रक्तपुरवठा चांगला असतो आणि तिची भरून येण्याची क्षमता एसीएलपेक्षा बरीच अधिक. अडचण एवढीच, की ती भरते तेव्हा नडगी मागे लोंबकळत असेल, तर ती लांब होऊन भरते. म्हणून उपचाराचे सूत्र एकच: नडगी मागे पडू द्यायची नाही. पहिले काही आठवडे गुडघा सरळ ठेवणारा ब्रेस, तोही पोटरीखाली आधार देणारा. गुडघा वाकवण्याचा व्यायाम पोटावर झोपून, फिजिओथेरपिस्टच्या हाताने, कारण त्या स्थितीत वजन नडगीला पुढे ढकलते. मांडीचा पुढचा स्नायू, क्वाड्रिसेप्स, नडगीला पुढे ओढतो, म्हणून तो पहिल्या दिवसापासून कामाला लावायचा. याउलट मांडीमागचा हॅमस्ट्रिंग नडगीला मागे खेचतो. जिममधल्या ज्या यंत्रावर टाच मागे ओढतात, ते सुरुवातीचे दोन-तीन महिने बंद. उकिडवे बसणेही तसेच; घरी भारतीय शौचालय असेल, तर कमोडची खुर्ची आणावी लागते, आणि ही गोष्ट फारसे कोणी सांगत नाही.

दीड महिन्यात ते ब्रेसशिवाय चालू लागले, तीन-चार महिन्यांत दोन्ही मांड्यांची ताकद जवळपास सारखी झाली. ड्रॉवर चाचणीत नडगी अजूनही थोडी मागे सरकत होती. डॉक्टरांनी त्यात वावगे मानले नाही, ते योग्यच. शेलबोर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1999 मध्ये ऑपरेशनशिवाय बऱ्या केलेल्या खेळाडूंचा पाठपुरावा प्रसिद्ध केला होता, त्यात सैलपणाचे माप आणि पेशंटला वाटणारा त्रास यांची सांगड लागली नव्हती. ऑपरेशनचा विचार आता एवढ्यावरच ठरतो: ताकद पूर्ण आल्यावरही उतारावर, जिन्यावर गुडघा दगा देतो का. शिवाय पुढे काही वर्षांनी वाटीच्या मागे किंवा गुडघ्याच्या आतल्या बाजूला दुखू लागले, तर उभे राहून काढलेला एक्स-रे करून घ्यावा. पीसीएल सैल राहिलेल्या गुडघ्यात झीज सुरू झाली, तर ती तिथूनच दिसते.