अर्ध्या अंशाची चूक

रिकाम्या ट्रान्सफॉर्मरला २३० व्होल्ट दिले. प्रवाह १ अँपिअर, पॉवर फॅक्टर फक्त ०.१. म्हणजे खरी शक्ती २३ वॉट. पण साधा वॉटमीटर २५ दाखवतो. हे २ वॉट आले कुठून?

वॉटमीटरच्या प्रेशर कॉइलमधला प्रवाह व्होल्टेजबरोबर तंतोतंत चालायला हवा. कॉइलच्या इंडक्टन्समुळे तो किंचित मागे पडतो. समजा, अर्धा अंश. इथे लोडचा प्रवाह व्होल्टेजच्या ८४.३ अंश मागे आहे, पण मीटरला ते अंतर ८३.८ च वाटते. नव्वदीजवळ कोसाइन झपाट्याने बदलतो, म्हणून एवढ्याशा फरकाने वाचन जवळजवळ ९ टक्के फुगते. पॉवर फॅक्टर ०.८ असता तर हीच चूक पाऊण टक्क्याच्याही आत राहिली असती, आणि १ असता तर दिसलीही नसती. मीटर तोच, दोष तोच!

कपॅसिटरसारख्या लोडवर उलटे घडते, वाचन कमी येते. म्हणून अशा चाचणीला मी लो पॉवर फॅक्टर वॉटमीटरच घ्यायला सांगतो. त्यात प्रेशर कॉइलच्या मालिकेतील रोधाच्या काही भागाला समांतर छोटा कपॅसिटर जोडून हे मागे पडणे भरून काढलेले असते.