घरातलं जनावर, भाग ९ : गोळी किती वाजता दिली?

मागच्या भागात आपण कुत्र्यांच्या खाजेबद्दल बोललो. या वेळी खाज नसताना केस का जातात ते पाहू.

ब्रूनो हा सात वर्षांचा लॅब्राडॉर. त्याला दवाखान्यात आणलं तेव्हा घरच्यांची तक्रार एवढीच होती, की तो हल्ली नुसता पडून असतो. वजन २९ किलोवरून ३५ वर गेलं होतं आणि खाणं मात्र पूर्वीइतकंच होतं. ऐन मे महिन्यातही तो अंगणातली उन्हाची जागा शोधून बसायचा. मी त्याच्या अंगावरून हात फिरवला. दोन्ही कुशींवर, अगदी सारख्या जागी, केस विरळ झाले होते, खालची कातडी काळवंडली होती आणि शेपटी उंदराच्या शेपटीसारखी उघडी पडली होती. खाजवल्याची खूण कुठेही नव्हती.

गळ्यातली थायरॉइड ग्रंथी शरीराच्या कामाचा वेग ठरवते. मध्यम वयाच्या कुत्र्यांत बहुतेकदा शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच तिच्यावर उलटते किंवा ग्रंथी आपोआप सुकत जाते. मग अन्न जळत नाही, अंगाला ऊब राहत नाही आणि गळलेल्या केसांच्या जागी नवे केस येत नाहीत.

निदानासाठी रक्तातलं टी-४ हे संप्रेरक आणि ते तयार करण्याचा हुकूम देणारं टीएसएच, दोन्ही तपासतात. टी-४ कमी आणि टीएसएच जास्त, म्हणजे हुकूम सुटतोय पण ग्रंथी काम करत नाही. नुसतं टी-४ कमी असणं पुरेसं नाही. दुसऱ्या एखाद्या आजारात किंवा स्टिरॉइड चालू असतानाही ते खाली येतं आणि निरोगी कुत्र्याला जन्माची गोळी लागते. उलट, आजारी कुत्र्यांपैकी बऱ्याच जणांचं टीएसएच वाढलेलं दिसत नाही. अशा वेळी फ्री टी-४ ही पुढची तपासणी करावी लागते.

रक्त माणसांच्या लॅबमध्ये देऊ नका. कुत्र्याचं टी-४ साधारण १ ते ४ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर असतं, माणसाचं त्याहून बरंच जास्त. माणसांचा तक्ता लावला तर धडधाकट कुत्राही आजारी ठरतो. शिवाय माणसाच्या टीएसएचचं किट कुत्र्याचं टीएसएच ओळखतच नाही.

ब्रूनोचं टी-४ ०.६ आलं, टीएसएच वाढलेलं होतं आणि कोलेस्टेरॉलही. लेव्होथायरॉक्सिनचा नेहमीचा डोस किलोमागे २० मायक्रोग्रॅम, दिवसातून दोनदा. त्याचं मूळचं वजन धरून मी ६०० मायक्रोग्रॅम लिहिले. औषधाच्या दुकानातून फोन आला, ‘डॉक्टर, शून्य जास्त पडलंय का?’ शून्य बरोबर होतं. माणसाच्या शरीरात हे औषध निम्मं व्हायला आठवडा लागतो, कुत्र्याच्या शरीरात काही तासच, म्हणून त्याला इतकं द्यावं लागतं. कुत्र्याला हृदयविकार किंवा मधुमेह असेल तर मात्र सुरुवात कमी डोसनं करतात.

सहा आठवड्यांनी, सकाळच्या गोळीनंतर पाच तासांनी रक्त घेतलं. टी-४ फक्त १.३. तो थोडा तरतरीत झाला होता, पण वजन जेमतेम अर्धा किलो उतरलं होतं. डोस वाढवण्याआधी मी विचारलं, ‘गोळी कशी देता?’

‘दहीभातात कालवून. एरवी थुंकून टाकतो.’

अडचण तिथेच होती. अन्नासोबत हे औषध नीट शोषलं जात नाही. मी डोस तोच ठेवला आणि गोळी जेवणाआधी तासभर, थोड्या पाण्याबरोबर द्यायला सांगितली. पुढच्या तपासणीत, पुन्हा पाच तासांनी, टी-४ ३.४ आलं. गोळीनंतर चार ते सहा तासांनी पातळी सर्वांत वर असते आणि त्या वेळी ती नेहमीच्या मर्यादेच्या वरच्या अर्ध्या भागात असावी लागते. तेव्हाच डोस वाढवला असता, तर नंतर गोळी रिकाम्या पोटी पडल्यावर तो जास्त झाला असता. जास्त डोसमुळे धाप, अस्वस्थपणा, सारखी तहान-लघवी आणि जोरानं उतरणारं वजन दिसतं.

तरतरी एक-दोन आठवड्यांत येते, वजन दोनेक महिन्यांत उतरू लागतं, केसांना चार-पाच महिने लागतात. सुरुवातीला जुने केस आणखी गळतात, त्याला घाबरून गोळी बंद करू नका. बस्तान बसलं की दर सहा महिन्यांनी रक्त तपासायचं.

पुढच्या वेळी रक्त द्यायला जाल तेव्हा एका चिठ्ठीवर दोन गोष्टी लिहून न्या : आज गोळी किती वाजता दिली आणि त्यानंतर जेवण किती वाजता. त्या चिठ्ठीशिवाय टी-४चा आकडा वाचता येत नाही.