बियाण्याच्या पाकिटाचा फोटो काढला, आता महिन्यांचं वेळापत्रक कसं बनवायचं?

शहागंजच्या बाजारात आलेला माणूस भाजीसोबत परसबागेसाठी बियाण्याची दोन-चार पाकिटंही पिशवीत टाकतो. घरी आल्यावर पाकीट वरून फाडलं जातं, बी वाफ्यात पडतं आणि पाकीट उकिरड्यावर जातं. पुढे रोपं कधी उचलायची हे विचारायला कुणीच नसतं. म्हणून पाकीट फोडायच्या आधी मागच्या बाजूचा फोटो काढा. कागद चकचकीत असतो, फ्लॅश लावला तर नेमके आकडेच पांढरे पडतात. सावलीत, थोडं तिरकं धरून काढा आणि मोठं करून बघा. 25 आणि 35 मध्ये गल्लत झाली तर पुढचं सगळंच चुकतं.

समजा, टोमॅटोचं पाकीट आहे. त्यावर छापलंय: पेरणी जून-जुलै, सप्टेंबर-ऑक्टोबर, जानेवारी-फेब्रुवारी. रोप 25 ते 30 दिवसांचं झाल्यावर लागवड. पहिली तोडणी 65 ते 70 दिवसांत.

सगळ्यात जास्त फसगत त्या 65 दिवसांत होते. टोमॅटो, वांगी, मिरची यांची आधी रोपं तयार करावी लागतात, आणि त्यांच्या तोडणीचे दिवस बहुतेक वेळा बी टाकल्यापासून नाही, रोप लावल्यापासून मोजलेले असतात. इंग्रजीत डीएटी अशी अक्षरं दिसली तर मोजणी लागवडीपासून, डीएएस असेल तर पेरणीपासून. काहीच लिहिलेलं नसेल तर रोपाच्या पिकाला लागवडीपासूनच धरा.

आता हिशोब करू. 20 सप्टेंबरला गादीवाफ्यावर बी टाकलं. 25 दिवस धरले तर लागवड 15 ऑक्टोबरला. तिथून 65 दिवस म्हणजे 19 डिसेंबर. पेरणीपासून मोजणारा माणूस 24 नोव्हेंबरलाच फळं शोधायला लागतो, आणि झाडाला नुसती हिरवी फळं बघून बी बोगस निघालं म्हणतो. बी चांगलं असतं, हिशोब 25 दिवसांनी चुकलेला असतो.

दुसरी गोष्ट, पाकिटावरचे सगळे महिने आपल्या भागासाठी नसतात. एकच पाकीट अनेक राज्यांत विकलं जातं. जानेवारी-फेब्रुवारीची ओळ घ्या. 20 जानेवारीला बी टाकलं तर लागवड 14 फेब्रुवारीला आणि पहिली तोडणी 20 एप्रिलच्या आसपास येते. म्हणजे फुलं धरायची ती मार्च-एप्रिलच्या उन्हात. पारा 38-40 वर गेला की टोमॅटोची फुलं गळतात, फळ धरत नाही. वर विहीर-बोअरचं पाणीही तेव्हाच आटतं. सावलीची जाळी आणि मेपर्यंत पुरेल एवढं पाणी नसेल तर ही ओळ सरळ खोडून टाका.

सप्टेंबरच्या पेरणीचं कागदावर असं उतरतं:

सप्टेंबर: 20 तारखेला गादीवाफ्यावर पेरणी. तेव्हा उत्तरा नक्षत्र असतं, पाठोपाठ हस्ताचा पाऊस येतो, म्हणून वाफा उंच हवा. पाणी साचलं की रोपं बुडाशी सडून आडवी पडतात.
ऑक्टोबर: 15 तारखेला, चित्रात, संध्याकाळी लागवड.
नोव्हेंबर: पहिल्या आठवड्यात काठीचा आधार, महिन्याच्या मध्याला मातीची भर.
डिसेंबर: 19 तारखेपासून तोडा. थंडी कडक पडली तर फळ लाल व्हायला आठवडाभर जास्त लागतो.
जानेवारी, फेब्रुवारी: तोडे चालू. उन्हं तापायला लागली की झाड थकतं.

नक्षत्र बाजूला लिहिलेलं बरं. घरातल्या आजी-आजोबांना 20 सप्टेंबरपेक्षा उत्तरा लवकर कळतं, आणि पाणी घालायची आठवण तेच करतात.

मेथी-कोथिंबिरीला रोपाचा टप्पा नाही, दिवस थेट पेरणीपासून. मेथी साधारण महिन्याभरात खुडायला येते, म्हणून सगळं पाकीट एकदम न टाकता दर 15 दिवसांनी एक वाफा लिहून ठेवा. कोथिंबिरीच्या पाकिटावर ‘वर्षभर’ असतं, पण उन्हाळ्यात ती लवकर फुलावर जाते. एप्रिल-मेचे रकाने तिच्यासाठी रिकामेच ठेवलेले बरे.

फोटोत आणखी दोन गोष्टी शोधा. एक, उगवणशक्ती. टोमॅटोला किमान 70 टक्के लिहिलेलं असेल आणि तुम्हाला 20 रोपं हवी असतील तर 30 बिया टाका. दुसरी, तपासणीची आणि वैधतेची तारीख. उरलेलं बी पुढच्या हंगामात वापरायचं असेल तर पेरणीच्या दहा-बारा दिवस आधी दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा, म्हणजे 8-10 सप्टेंबरला. आठवडाभरात सात उगवल्या तर पेरा. चारच उगवल्या तर नवीन पाकीट आणायला अजून वेळ असतो. उरलेल्या बिया लेकरांच्या हाताला लागू देऊ नका, पाकिटातल्या बियांना बहुधा औषध चोळलेलं असतं.