हिरवी पट्टी नेमकी कुणासाठी?

लिंक्डइनवर नोकरी शोधत असल्याचे दोन प्रकारे कळवता येते. All LinkedIn members हा पर्याय निवडला, की फोटोभोवती #OpenToWork अशी हिरवी पट्टी येते. कोणाच्या पोस्टवर साधे ‘अभिनंदन’ लिहिले तरी ती सोबत दिसते. Recruiters only निवडल्यास पट्टी येत नाही. लिंक्डइनचे भरती करणाऱ्यांसाठीचे सशुल्क साधन वापरणाऱ्यांनाच ती माहिती मिळते.

पट्टीवाचून रिक्रूटरच्या नजरेत कसे येणार, ही भीती बरीचशी अनाठायी आहे. त्या साधनात नोकरीसाठी तयार असलेले उमेदवार वेगळे काढण्याची सोय असते आणि दोन्ही पर्यायांतले लोक त्यात सापडतात. पट्टीचा खरा उपयोग असे साधन विकत न घेणाऱ्यांपर्यंत पोचण्यात आहे: दहा-वीस माणसांची कंपनी, जुना साहेब, कॉलेजातला मित्र. ही पट्टी 2020 मध्ये, कोविडकाळात आली. कपातीत नोकरी गेलेल्याला लपवण्यासारखे काही नसते. त्याला अशा ओळखीच उपयोगी पडतात.

काही रिक्रूटर पट्टीवरून ‘याला गरज आहे, पगारात ओढून धरणार नाही’ असा अर्थ काढतात. काहींना फोन केल्यास उत्तर मिळेल एवढाच भरवसा वाटतो. पहिला अर्थ उमेदवारावर अन्याय करणारा आहे, पण तो काढला जातो हे खरे.

नोकरीत असलेल्याचे गणित निराळे. हिंजवडीतल्या एका कंपनीत काम करणारी, 90 दिवसांचा नोटीस पिरियड असलेली टेस्टर समजा. तिने पट्टी लावली, तर सहकाऱ्यांच्या लेखी तिने राजीनामा दिल्यातच जमा. नवे प्रोजेक्ट देताना मॅनेजर तिला वगळू शकतो, आणि हाती ऑफर तर अजून आलेली नसते. राजीनामा देऊन नोटीस चालू असेल, तर मात्र गुपित उरलेलेच नसते.

तिच्यासाठी दुसरा पर्याय बरा, पण तोही बंद पेटी नव्हे. सध्याच्या कंपनीच्या आणि तिच्याशी संलग्न कंपन्यांच्या रिक्रूटरना ही माहिती दिसू नये, असा लिंक्डइनचा प्रयत्न असतो. पूर्ण गुप्ततेची हमी मात्र ते देत नाही. प्रोफाइलवरची कंपनी तिच्या अधिकृत पानाशी जोडलेली नसेल, नाव नुसते टाइप केलेले असेल, तर कोणापासून लपवायचे हेच यंत्रणेला नीट कळत नाही. तपासणी सोपी आहे: नावावर क्लिक केल्यावर कंपनीचे बरोबर पान उघडले पाहिजे. तिच्याच कंपनीसाठी माणसे शोधणारी बाहेरची प्लेसमेंट एजन्सी या चाळणीत अडकेलच असे नाही. तिथल्या कोणी एचआरला सहज विचारले, ‘तुमची अमुक बाहेर बघतेय का?’, की सेटिंगचा उपयोग संपला.