कानाचा कागद कसा वाचावा

कानाची तपासणी करून आलेल्या माणसाच्या हाती एक चौकटीचा कागद मिळतो. त्यावर लाल गोळे, निळ्या फुल्या आणि बारीक बाण असतात. घरी आल्यावर तो कागद कपाटात जातो आणि मंडळींना एवढेच सांगितले जाते की, कान कमी झाला आहे. तो कमी झाला हे तर घरच्यांना आधीच ठाऊक होते! बिघाड कोठे आहे हे त्या कागदावर असते आणि ते वाचणे वाटते तितके कठीण नाही. सचिनमधील एकाच कुटुंबाचे तीन कागद आम्हांस पाहावयास मिळाले. घरच्यांच्या अनुमतीने, नावे न देता, त्यांच्याच आधारे हा विषय येथे मांडीत आहोत.

या कागदाला ऑडिओग्राम म्हणतात. आडव्या बाजूने डावीकडून उजवीकडे स्वर चढत जातो. २५० हर्ट्झचा खर्ज आवाज डावीकडे, ८००० हर्ट्झचा अगदी बारीक आवाज उजवीकडे. उभ्या बाजूस डेसिबल, म्हणजे आवाजाचा मोठेपणा. येथे एक गोष्ट उलटी आहे. शून्य वर असते आणि आकडे खाली वाढत जातात. तो स्वर जेमतेम ऐकू येण्यासाठी आवाज जितका मोठा करावा लागला, तितकी खूण खाली. मोठ्या माणसाची खूण २५ च्या ओळीपर्यंत असली, तर सामान्यतः ठीक समजतात. लाल गोळा उजव्या कानाचा, निळी फुली डाव्याची.

पण गोळे आणि फुल्या ही अर्धीच हकीकत झाली. त्या हेडफोन लावून घेतलेल्या चाचणीच्या खुणा आहेत. हेडफोनचा आवाज कानाच्या नळीतून पडद्यावर, तेथून तीन इवल्याशा हाडांवरून आतल्या कानात आणि मग नसेवाटे मेंदूकडे जातो. वाटेत कोठेही अडथळा असला, तरी खूण खालीच उतरते. म्हणून दुसरी चाचणी घेतात. कानामागच्या हाडावर एक लहान थरथरते यंत्र टेकवितात. ते कवटीलाच हालविते आणि आवाज पडदा व हाडे वगळून थेट आतल्या कानाला पोहोचतो. दाराचे कुलूप गंजले असले तरी भिंतीवर ठोकलेले आत ऐकू जाते, तसेच हे. या चाचणीच्या खुणा म्हणजे ते बारीक बाण.

आता दोन्ही खुणांची तुलना करावयाची. बाण वर, जागच्या जागी, आणि गोळे मात्र खाली असतील, तर आतला कान शाबूत असून दोष वाटेत आहे. हा वहनाचा दोष. बाण आणि गोळे दोन्ही सारखेच खाली असतील, तर दोष आतल्या कानाचा वा नसेचा. दोन्ही खाली, पण मध्ये अंतर, असे असले तर दोष मिश्र. पाच-दहा डेसिबलचे अंतर चाचणीतल्या चुकीनेही पडते. ते लागोपाठच्या स्वरांवर १५ किंवा अधिक असले, की मनावर घ्यावे.

पहिला कागद घरातील वडीलधाऱ्यांचा, म्हणजे आबांचा. वय ५२, पैकी २६ वर्षे यंत्रमागाच्या खात्यात गेलेली. तक्रार अशी की, आवाज येतो पण शब्द कळत नाहीत. त्यांच्या उजव्या कानाचे गोळे ५०० वर १५, १००० वर २०, २००० वर ३५, ४००० वर ६५ आणि ८००० वर पुन्हा चढून ४५. बाण या गोळ्यांना चिकटून. ४००० वर ६०. डावा कान जवळपास तसाच. अंतर नाही, तेव्हा वाट मोकळी आहे आणि दोष आतला आहे. ४००० वरचा हा खड्डा आणि त्यापुढची चढण ही गोंगाटाने झालेल्या इजेची ओळखीची खूण होय. म्हातारपणाने कान गेला, तर रेषा बहुधा ८००० कडे उतरतच जाते. स, श, फ अशा अक्षरांची ओळख वरच्या स्वरांवर असते, म्हणून आबांना 'सात' आणि 'हात' एकच वाटतात. आतल्या कानातल्या मेलेल्या पेशी परत येत नाहीत. त्यांना श्रवणयंत्राचा उपयोग होईल, आणि उरलेला कान वाचवावयाचा तर खात्यात कानावर टोपण हवे.

दुसरा कागद सुनेचा. वय २८. धाकट्या मुलाच्या जन्मानंतर दोन्ही कान हळूहळू मंदावले. कान कधी वाहिला नाही, पडदाही स्वच्छ. मग नसच गेली असणार, असे सर्वांनी गृहीत धरले. पहिल्या ठिकाणी फक्त हेडफोनची चाचणी झाली आणि श्रवणयंत्राची किंमत सांगण्यात आली. त्या कागदावर एकही बाण नव्हता. ज्या कागदावर बाण नाहीत, त्यावरून दोषाचा प्रकार ठरविता येत नाही, हे घरात कोणास ठाऊक असणार! पुढे एका इस्पितळात चाचणी पूर्ण झाली. गोळे ५०० वर ५०, १००० वर ५०, २००० वर ४५. बाण मात्र १०, १० आणि २५. चाळीसचे अंतर! रिकिबीच्या आकाराचे सर्वांत आतले हाड जखडले होते. २००० वर बाणाने घेतलेली ती छोटी बुडी या रोगात बहुधा दिसते. रेमंड कारहार्ट यांनी १९५० साली ती दाखविली. ती नसेची खरी हानी नसते. हाड मोकळे झाले की बहुधा भरून येते. ते हाड काढून कृत्रिम तुकडा बसविण्याची शस्त्रक्रिया जॉन शे यांनी १९५६ साली अमेरिकेत प्रथम केली आणि ती आजही होते.

तिसरा कागद आबांच्या धाकट्या भावाचा, आणि तोच सर्वांत फसवा. लहानपणी गालगुंड झाल्यापासून डावा कान बंद. उजवा उत्तम. कागदावर डाव्या फुल्या ६० वर आणि डावे बाण १० वर! वर सांगितलेल्या नियमाने हा वहनाचा दोष ठरला असता आणि शस्त्रक्रियेची गोष्टही निघाली होती. खरी गोष्ट अशी की, डाव्या हाडावर यंत्र टेकविले तरी सारी कवटी हालते आणि उजवा, चांगला कान ते ऐकतो. हेडफोनचा आवाजही ५०-६० च्या सुमारास पलीकडे झिरपतो. म्हणजे डाव्या कानाच्या नावावर उत्तरे उजवा कानच देत होता. म्हणून चांगल्या कानात वाऱ्यासारखा सळसळ आवाज सोडून त्याला गुंतवून ठेवावे लागते आणि मग दुसरा तपासावा लागतो. याला मास्किंग म्हणतात. ते केले असता साध्या बाणाच्या जागी चौकोनी कंस काढतात. एका कानात बाण व फुल्या यांत मोठे अंतर दिसत असून कंस कोठेच नसतील, तर मास्किंग झाले का, एवढे अवश्य विचारावे. काकांची चाचणी तशी पुन्हा घेतली, तेव्हा डाव्या बाजूस यंत्राच्या शेवटच्या मर्यादेपर्यंत उत्तर आले नाही. तो कान नसेचाच गेलेला होता आणि शस्त्रक्रिया टळली.

दोष वहनाचा ठरला म्हणजे हाडच जखडले असे मात्र नव्हे. मळ, पडद्याला भोक, पडद्यामागे साचलेले पाणी यांनीही असेच अंतर पडते. ते कान पाहून आणि पडद्याच्या हालचालीची चाचणी घेऊन ठरते. सुनेचे हे सर्व झाल्यावर उजव्या कानाची शस्त्रक्रिया झाली. तीन महिन्यांनी काढलेल्या कागदावर उजवे गोळे २० ते २५ वर आले आहेत आणि २००० वरचा बाणही १५ वर चढला आहे. डाव्याचे अजून ठरावयाचे आहे.