छेद वेगळे, बेरीज एक

गृहपाठाच्या कागदाचा मोबाईलवर काढलेला फोटो समोर आहे आणि त्यातले एक उदाहरण आहे ५/६ + ३/१०. आकडेमोडीला हात घालण्यापूर्वी फोटो मोठा करून अंश, छेद आणि मधली आडवी रेघ नीट पाहावी. पुसट छपाईत १ आणि ९ यांची गल्लत होते. कागदाची डावी कड कापली गेली असेल, तर १ पूर्णांक ५/६ मधला पूर्णांक गायब होऊन नुसते ५/६ उरते आणि उत्तर बरोबर १ ने कमी येते. वरखालची उदाहरणे एका रेषेत सुरू होत आहेत का, हे पाहिले की ही चूक लक्षात येते.

५/६ मधला छेद सांगतो की एका पूर्णाचे सहा समान भाग केले आहेत. ३/१० मध्ये दहा. भागांचा आकारच वेगळा असल्यामुळे ५ आणि ३ थेट मिळवता येत नाहीत. अंशात अंश आणि छेदात छेद मिळवला, तर ८/१६ म्हणजे अर्धा मिळतो. तो ५/६ पेक्षाही लहान आहे. बेरीज मूळ संख्येपेक्षा कमी भरली, म्हणजे रीतच चुकली.

म्हणून दोन्ही छेदांचा लसावि काढायचा. ६ = २ × ३ आणि १० = २ × ५. सामाईक २ एकदाच घेतला की २ × ३ × ५ = ३० मिळतात. ६ चे ३० करायला ५ ने गुणावे लागते, म्हणून अंशालाही ५ ने गुणून ५/६ = २५/३०. तसेच ३/१० = ९/३०. अंश न गुणता नुसता छेद बदलला, तर अपूर्णांकाची किंमतच बदलते. आता भाग सारखे झाले: २५/३० + ९/३० = ३४/३०. छेद ३० च राहतो.

लसावि घेतला म्हणजे उत्तर आपोआप अतिसंक्षिप्त येते, असे नाही. मात्र दिलेले दोन्ही अपूर्णांक अतिसंक्षिप्त असतील, तर उत्तराला भाग जाणारी संख्या मूळ छेदांच्या मसाविचाच विभाजक असते. ६ आणि १० यांचा मसावि २ आहे, म्हणून फक्त २ ने भाग जातो का ते पाहायचे. भाग जातो आणि १७/१५ उरतात. मूळ छेदांत १ खेरीज सामाईक विभाजक नसेल, तर संक्षेपाची गरजच पडत नाही.

१७ ला १५ ने भागल्यावर भागाकार १ आणि बाकी २, म्हणून उत्तर १ पूर्णांक २/१५. पडताळा अंदाजाने घेता येतो. ५/६ ला पूर्ण १ व्हायला १/६ कमी पडतो आणि ३/१० त्याहून मोठा आहे, त्यामुळे बेरीज १ च्या थोडी पुढे जायला हवी, आणि तशी ती जाते.