निर्णयक्षमतेचे पाच प्रश्न: चांगले उत्तर की योग्य उत्तर?

आपल्या घरातला मुलगा किंवा मुलगी राज्यसेवेची पूर्वपरीक्षा देत असेल, तर एमपीएससीच्या दुसऱ्या पेपरातले निर्णयक्षमतेचे प्रश्न त्यांच्याकडून एकदा ऐकून घ्या. 80 प्रश्नांच्या या पेपरात असे 5 प्रश्न असतात आणि त्यांना साडेबारा गुण असतात. पेपर 200 गुणांचा असून पात्र ठरायला 33 टक्के, म्हणजे 66 गुण हवेत. गणितात कच्च्या असणाऱ्या मुलांना हे साडेबारा गुण मोठा आधार देतात.

या प्रश्नांची पद्धत वेगळी आहे. इतर प्रश्नांत चुकीच्या उत्तराला गुण कापले जातात, इथे कापले जात नाहीत. शिवाय एकच पर्याय बरोबर आणि बाकीचे चूक असा हिशेब नसतो. सर्वांत योग्य पर्यायाला पूर्ण गुण, त्याखालच्याला थोडे कमी, असे गुण उतरत जातात. म्हणून हे प्रश्न कोरे सोडू नयेत, आणि चारही पर्यायांचा क्रम लावायची सवय करावी.

सरावासाठी रचलेला एक प्रश्न पाहू. आपण तहसीलदार आहात. अवकाळी पावसाने कांद्याचे नुकसान झाले आहे. एका गावाचे पंचनामे झाले असून यादी उद्या जिल्हाधिकारी कार्यालयात द्यायची आहे. सकाळी वीस शेतकरी येऊन सांगतात, "आमच्या शेतात कोणी आलेच नाही." तलाठी म्हणतो, "सगळी शेते पाहिली आहेत." आपण काय कराल?

पर्याय असे आहेत:

1. यादी तशीच पाठवून शेतकऱ्यांना वर अपील करायला सांगणे.

2. त्यांचे हाल पाहून वीस नावे लगेच यादीत घालणे.

3. लेखी तक्रार घेऊन आजच मंडळ अधिकाऱ्याला पाहणीसाठी पाठवणे आणि वाद नसलेली नावे वेळेत पुढे पाठवणे.

4. जिल्हाधिकाऱ्यांचे मार्गदर्शन येईपर्यंत पूर्ण यादी थांबवणे.

मुले बहुधा दुसऱ्या पर्यायाकडे वळतात, कारण तो दयाळू वाटतो. पण न पाहिलेल्या शेताचे नुकसान सरकारी कागदावर खरे म्हणून लिहिणे, हे त्या पर्यायाचे सरळ रूप आहे. वीसपैकी पंधरांचे म्हणणे खरे असेल, तरी उरलेल्या पाचांना मिळणारा पैसा चुकीचा ठरेल. तो शेवटच्या क्रमांकावर जातो.

चौथा पर्याय सुरक्षित वाटतो. "वरिष्ठांना कळवणे" म्हणजे हमखास बरोबर, असे पुष्कळ मुले धरून चालतात. वरिष्ठांकडे तेव्हा जावे, जेव्हा निर्णय आपल्या अधिकाराबाहेरचा असतो. शेतांची पुन्हा पाहणी करवणे तहसीलदाराच्या हातात आहे. इथे वाट पाहिली तर ज्यांच्या नावांवर वादच नाही, त्यांची मदतही अडकते. तरीही या पर्यायात खोटे काही लिहिले जात नाही आणि तक्रारीचे दार उघडे राहते, म्हणून मी त्याला दुसरा क्रमांक देईन.

पहिल्या पर्यायात यादी वेळेत जाते, पण समोर आलेली तक्रार न तपासताच माणसांना परत पाठवले जाते. तो तिसरा.

तिसऱ्या पर्यायात तक्रारीला कागद मिळतो, पाहणी त्याच दिवशी सुरू होते आणि निर्दोष नावांना उशीर होत नाही. तलाठ्याला दोषी न ठरवता त्याचे म्हणणेही तपासले जाते. सर्वांत योग्य पर्याय हाच.

या क्रमामागे तीनच प्रश्न आहेत. अडचणीत असलेल्या माणसाचे काम पुढे सरकते का? हे पाऊल माझ्या अधिकारात आणि नियमात बसते का? माझ्या निर्णयाने तिसऱ्याच कुणाचे नुकसान होते का? तीनही कसोट्यांवर टिकतो तो पर्याय वर ठेवावा. एखाद्या पर्यायात खोटी नोंद किंवा नियमभंग असेल, तर बाकी काहीही चांगले असले तरी तो खाली जातो.

सर्वाधिक गुण जातात ते प्रश्नात नसलेली गोष्ट गृहीत धरल्याने. "तलाठ्याने पैसे खाल्ले असतील" असे वाटले की मूल निलंबनाचा पर्याय शोधू लागते. प्रश्नात फक्त दोन विरोधी म्हणणी आहेत, पुरावा कुठेच नाही. म्हणून आधी दिलेल्या गोष्टींखाली पेन्सिलीने रेघ मारावी आणि निर्णय तेवढ्यावरच घ्यावा. लांबलचक पर्याय तोच बरोबर, ही खूणही धरू नये. तो प्रत्येक वेळी खरा ठरत नाही.

घरी सराव घेताना "उत्तर कोणते?" एवढेच विचारून थांबू नका. "बाकीचे तीन का नाहीत, आणि त्यांतला दुसरा कोणता?" असेही विचारा. ज्याला हे एका-एका वाक्यात सांगता येते, त्याला प्रश्न समजला. ज्याला फक्त तिसऱ्यावर बोट ठेवता येते, त्याने अंदाज बांधलेला असतो, आणि प्रश्न थोडा बदलला की तो अंदाज चुकतो.